पाळी गेली, दात जाऊ देऊ नका

पन्नाशीतल्या बाईचा हलणारा दात उपटण्याआधी तिला एक प्रश्न विचारा: पाळी कधी गेली?

हा लेख त्या एका प्रश्नासाठी लिहिला आहे. मुलचेरा तालुक्यात, शेजारच्या चामोर्शी, अहेरी, एटापल्लीत आणि नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात चाळिशी ओलांडलेल्या बायकांच्या तोंडातले दात एकेक करून निघत असतात. बाई म्हणते, वय झालं. घरचे म्हणतात, वय झालं. उपटणारा तर काहीच म्हणत नाही. पण पंचेचाळीस-पन्नास हे दात जाण्याचं वय नव्हे. त्या वयात बाईच्या शरीरात एक मोठा बदल होतो. तो तोंडापर्यंत आणि डोळ्यांपर्यंत पोचतो, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगितलं तर यातले पुष्कळ दात वाचू शकतात.

तक्रारी मात्र ती करत असते. या भागात झाडीबोली आहे, माडिया आहे, तेलुगू आहे, पूर्व पाकिस्तानातून येऊन इथे वसवल्या गेलेल्या कुटुंबांची बंगाली आहे, पण तक्रारी सगळीकडे त्याच. ‘तोंडाले कोरड पडते जी.’ ‘जिभेची आग आग होते, पन आरशात पायलं त काहीच दिसत नाही.’ ‘डोऱ्यात रेती गेल्यावानी वाट्टे.’ आणि हिरड्यांतून रक्त येतं, दात लांब दिसायला लागलेत, खालचे पुढचे दोन हलतात. पण या तक्रारी ती वेगवेगळ्या ठिकाणी सांगते. दाताची बाजारच्या दिवशी येणाऱ्या उपटणाऱ्याला, जिभेची मेडिकलवाल्याला, डोळ्यांची चष्म्याच्या शिबिरात, आणि कोरड पडते हे कुणालाच नाही, कारण पाणी प्यायलं की ते भागतं असं तिला वाटतं. प्रत्येक ठिकाणचा माणूस आपापल्यापुरता तुकडा पाहतो. पाळीचा विषय कुठेच निघत नाही.

हे गडचिरोलीत तरी व्हायला नको होतं. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. बाई बोलत नाही म्हणजे तिला काही होत नाही असं नसतं, हे साऱ्या जगाला इथल्या दोन गावांनी दाखवलं. त्या पाहणीचा विषय वेगळा होता, तोंड आणि डोळे त्यात नव्हते. पण तिची रीत साधी होती आणि ती आजही तशीच लागू पडते: गावात जा, विचारा, आणि स्वतः तपासून पाहा.

आता शरीरात काय होतं ते पाहू. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर मानतात. आपल्या देशात हे सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास होतं, म्हणजे पाश्चात्त्य देशांच्या चार-पाच वर्षं आधी. बीजकोशांत तयार होणारं इस्ट्रोजेन तेव्हा झपाट्याने खाली येतं. आपण या संप्रेरकाला गर्भाशयापुरतंच ओळखतो. प्रत्यक्षात त्याला ओळखणारे रेणू लाळेच्या ग्रंथींत आहेत, गालाच्या आणि हिरड्यांच्या आतल्या त्वचेत आहेत, जबड्याच्या हाडात आहेत, अश्रूंच्या ग्रंथींत आणि पापणीच्या कडेला तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथींतही आहेत. इस्ट्रोजेन घटल्यावर या सगळ्या जागांना ते एकाच वेळी कमी पडतं. योनीमार्गाचा कोरडेपणाही त्यातलाच, आणि त्याबद्दल तर बाई नवऱ्याशीसुद्धा बोलत नाही.

लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती तीन कामं सतत करत असते. खाल्ल्यावर तोंडात तयार होणारं आम्ल ती मारते, दातातून निघून गेलेलं कॅल्शियम परत भरते आणि जंतूंना आवरते. तोंडातली आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की दाताचं वरचं कठीण कवच विरघळायला लागतं. दाताचं मूळ मात्र त्याहून कितीतरी सौम्य आम्लातही विरघळतं. आता दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. हिरड्या खाली सरकल्यामुळे मूळ उघडं पडलंय, आणि त्याला वाचवणारी लाळ घटलीय. म्हणून या वयातली कीड दाताच्या माथ्यावर लागत नाही. ती हिरडीलगत, मुळाला, गोल कडं घातल्यासारखी लागते. दात वरून धडधाकट दिसतो आणि एक दिवस मुळाशी मोडतो. तोंडात पाहणाऱ्याने पहिल्यांदा याच जागी पाहावं.

हिरडीचं दुखणं याच्या शेजारी चालू असतं. हाड सतत खाल्लं जातं आणि सतत भरलं जातं. खाणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालतं. तो आवर सुटला की कमरेचं आणि मनगटाचं हाड विरळ होतं, तसंच दात ज्या हाडात रोवलेले असतात तेही विरळ होऊ लागतं. हिरडीची त्वचा पातळ होते, कोरडी आणि चकचकीत दिसते, जरा लागलं की रक्त येतं. एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. इस्ट्रोजेन घटलं म्हणून दात आपोआप पडत नाहीत. हाड खरं तर किटणाखालच्या जंतूंमुळे झालेल्या सुजेने जातं, आणि इस्ट्रोजेन नसल्यामुळे ते लवकर जातं. म्हणूनच तर आशा आहे. गेलेलं इस्ट्रोजेन आपल्या हातात नाही, पण किटण काढणं आहे.

आग होण्याचं कोडं सर्वांत अवघड. जिभेचं टोक, टाळूचा पुढचा भाग, ओठाची आतली बाजू चटका बसल्यासारखी जळते. सकाळी कमी असते, संध्याकाळपर्यंत वाढत जाते. पुष्कळ जणींना जेवताना उलट बरं वाटतं. तोंडात कडवट किंवा तांब्याच्या भांड्यासारखी चव येते. आणि आत पाहावं तर काहीच दिसत नाही. रोज दोन तासांहून जास्त, तीन महिन्यांहून अधिक काळ अशी आग होत असेल आणि तपासणीत दुसरं कोणतंच कारण सापडत नसेल तर त्याला ‘बर्निंग माउथ सिंड्रोम’ म्हणतात. अशा बायकांच्या जिभेचा इवलासा तुकडा तपासून पाहिल्यावर त्यात बारीक मज्जातंतू कमी झालेले आढळले आहेत. म्हणजे दुखणं खरं आहे, ते फक्त डोळ्यांना दिसत नाही. पाळी गेल्यानंतरच्या बायकांत ते सर्वांत जास्त दिसतं. या बायकांना ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगून परत पाठवणं हा अन्याय आहे, आणि हे शब्द मी विचार करून वापरते आहे.

सगळं इस्ट्रोजेनवर ढकलणंही बरोबर नाही. पाळी गेल्यावर लाळ नेमकी किती घटते याबद्दल अभ्यासांत एकवाक्यता नाही. काही बायकांत मोजून पाहिलं तर लाळ पुरेशी निघते, तरी तोंड कोरडं वाटतं, कारण लाळेतला बुळबुळीतपणा बदललेला असतो. शिवाय या वयात रक्तदाब आणि साखर येते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या गोळ्या, झोपेसाठी किंवा अंगदुखीसाठी दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन, या सगळ्यांनी तोंड सुकतं. आणि आपल्या भागात या सगळ्यावर आणखी एक गोष्ट येऊन बसते.

ती म्हणजे खर्रा. मुलचेऱ्यापासून चंद्रपूरपर्यंत पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारा सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा खर्रा बायकाही खातात. ज्या खात नाहीत त्यांतल्या पुष्कळ जणी हिरड्यांना नस घासतात, तर बंगाली वस्त्यांतल्या वयस्कर बायकांच्या पानात जर्दा असतो. तोंड कोरडं पडलेल्या बाईला खर्रा चघळला की बरं वाटतं, कारण सुपारीने आणि चघळण्याने लाळ सुटते. हा सापळा नीट समजून घ्या. पाळी जायच्या आधी दिवसातून एकदा खाणारी बाई पाळी गेल्यावर चारदा खाऊ लागते ती व्यसन वाढलं म्हणूनच असं नाही. तिला लाळ हवी असते. तिला नुसतं ‘खर्रा सोड’ म्हणून भागणार नाही. कोरडीवर दुसरा उपाय हातात दिला तरच ती सोडू शकेल. गडचिरोलीत २०१६ पासून दारू आणि तंबाखूविरोधात ‘मुक्तिपथ’ गावोगाव काम करतं आहे. त्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की पन्नाशीच्या बाईशी बोलताना कोरडीबद्दल आधी विचारा, खर्ऱ्याबद्दल नंतर.

खर्ऱ्यामुळे दुसरा घोळ होतो तो निदानात. सुपारीने गालाच्या आतली त्वचा घट्ट होत जाते. सबम्यूकस फायब्रोसिस नावाचा हा रोग पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, आणि त्याची पहिली खूण असते तिखट खाल्ल्यावर आग. म्हणजे आपल्याकडे ‘तोंडात आग होते’ या एका वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात. एका बाईला धीर आणि थोडं औषध पुरतं, दुसरीला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं. ओळखायचं कसं? बाईला तिचीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी जोडून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घालायला सांगा. तिन्ही गेली तर तोंड पुरेसं उघडतंय. दोनच जात असतील, गाल आतून पांढुरका आणि बोटाला दोरीसारखा ताठ लागत असेल, आग फक्त तिखटाने होत असेल, तर तो खर्ऱ्याचा रोग समजून पुढे पाठवा. तिन्ही बोटं जातात, गाल मऊ आणि गुलाबी आहे, भेदराची चटणी न खाताही दिवसभर जळतं, तर विचार पाळीच्या दिशेने न्या. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर मात्र पाळीचा विचारच करत बसू नका, थेट पाठवा.

एक बाई डोळ्यांसमोर आणू या. ही कुणी एक नव्हे. अशा पुष्कळ जणींच्या तक्रारी जुळवून ती उभी केली आहे. वय अठ्ठेचाळीस, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. मे महिन्यात तेंदूपानाला जाते. घरात चूल आहे. लहानपणापासून नस घासते, खर्रा दोन वर्षांत वाढलाय. रात्री दोनदा पाणी प्यायला उठते. जीभ संध्याकाळी जळते. डोळ्यांतून पाणी येतं. खालचे दोन दात हलतात. मेडिकलमधून तिने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, तोंडाला लावायचं जेल आणि डोळ्यांत घालायचे थेंब आणले. बाजारात एक दाढ उपटून घेतली.

हिच्यापाशी नीट बसलं तर अर्ध्या तासात बरंच कळतं. पहिला प्रश्न: कोरडे मुरमुरे पाणी न पिता खाता येतात का? ती म्हणते, घशाला चिकटतात. मग लाळ मोजायची. त्यासाठी कोणतंही यंत्र लागत नाही. सकाळी, तासभर काही न खाता-पिता, खर्रा किंवा नस न घेता तिला बसवायचं. एकदा गिळून टाकायला सांगायचं आणि मग पाच मिनिटं तोंडात जमेल ती लाळ औषधाच्या छोट्या प्लास्टिकच्या पेल्यात सोडायला लावायची. सुई नसलेल्या दोन मिलीच्या सिरिंजने ती ओढून मोजायची. चांगल्या तोंडात साधारण दीड मिली भरते. अर्ध्या मिलीपेक्षा कमी आली तर लाळ खरोखरच घटली आहे. हिची समजा पाव मिली भरली. उपकेंद्रातल्या सीएचओला किंवा सिस्टरला हे सहज करता येईल.

पुढे रक्त तपासायचं, कारण पाळीवर बोट ठेवण्याआधी जी कारणं औषधाने पूर्ण बरी होतात ती काढून टाकावी लागतात. हिमोग्लोबिन, साखर आणि शक्य असेल तिथे बी-१२. लोह किंवा बी-१२ कमी असेल तर जीभ गुळगुळीत, लालभडक होते आणि जळते. साखर वाढलेली असेल तर तोंडही सुकतं आणि हिरड्याही वेगाने बिघडतात. कोरड्या तोंडात बुरशी लवकर वाढते. तिचा पांढरा थर कापसाने पुसला तर निघतो आणि खाली लाल दिसतं. ती तोंडात लावायच्या औषधाने जाते. साध्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनी या बाईचं भलं होण्याची शक्यता कमीच, कारण कमतरता कशाची आहे हेच कुणी पाहिलेलं नव्हतं.

आता तिच्या डोळ्यांतलं पाणी. इथे जवळजवळ सगळे फसतात. डोळ्यांतून पाणी येतं म्हणजे डोळे कोरडे नाहीत, असं वाटतं. खरं उलट असतं. अश्रूंचा थर टिकवायला पापणीतलं तेल लागतं. पाळी गेल्यावर ते कमी आणि घट्ट होतं, थर पटकन तुटतो, बुबुळाला वारा आणि धूर झोंबतो, आणि डोळा घाबरून एकदम पाणी सोडतो. ते पाणी गालावर येतं, डोळ्यावर टिकत नाही. चुलीपुढे, मोटरसायकलवर मागे बसल्यावर, कडक उन्हात ते वाढतं. डॉक्टर कागदाची छोटी पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं ठेवतात. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळा चांगलाच कोरडा आहे. हिने मेडिकलमधून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर डोळा दोन दिवस छान पांढरा होतो, आणि महिनोनमहिने घातले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू ओढवतो. बाटलीवर शेवटी ‘डेक्सामेथासोन’, ‘प्रेडनिसोलोन’, ‘बीटामेथासोन’ असं काही लिहिलं असेल तर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय ती बाटली वापरू नये. कोरड्या डोळ्याला लागतात ते कार्बॉक्सिमिथिलसेल्युलोजचे साधे थेंब, दिवसातून चारेक वेळा, आणि बाटली उघडल्यावर महिन्याभरात टाकून द्यायची. त्याच्या जोडीला स्वच्छ फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं धरायचं आणि नंतर पापणीच्या कडेवर बोटाने हलकेच दाबत जायचं. अडकलेलं तेल त्याने सुटतं. याला खर्च नाही, फक्त रोज केलं पाहिजे.

तोंड आणि डोळे दोन्ही फार सुकलेत, बोटांचे सांधे सकाळी आखडतात, कानाखालच्या गाठी सुजतात, असं असेल तर हा केवळ पाळीचा परिणाम नाही. शोग्रेन नावाच्या आजाराची शंका घ्यायला हवी. स्वीडनच्या हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली ज्या १९ रुग्णांवरून तो मांडला त्या सगळ्या बायका होत्या, आणि बहुतेकींची पाळी गेलेली होती. म्हणूनच तो रजोनिवृत्तीच्या पडद्याआड वर्षानुवर्षं लपून राहतो. त्याची तपासणी नागपूर किंवा चंद्रपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात होईल, पण शंका गावातच घेतली गेली पाहिजे.

मग इस्ट्रोजेनच परत का देऊ नये, असा प्रश्न सुशिक्षित वाचकाच्या मनात येतोच. अंगातून वाफा येणं, योनीचा कोरडेपणा, लवकर पाळी जाणं, यांसाठी डॉक्टर नीट तपासून ते देतात, आणि कुणाला द्यायचं नाही याचेही नियम आहेत. पण तोंडासाठी आणि डोळ्यांसाठी म्हणून ते औषध नव्हे. आगीवर त्याचा परिणाम कधी होतो, कधी होत नाही. डोळ्यांच्या बाबतीत तर २००१ साली अमेरिकेतल्या २५ हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत कोरड्या डोळ्यांचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा जास्तच निघालं. अश्रूंच्या कामात पुरुषी संप्रेरकांचाही वाटा असतो, आणि शरीरात एक कमी झालं म्हणून तेच भरलं की सगळं जुळतं असं नसतं. तेव्हा कुणी मेडिकलवाला ‘हार्मोनची गोळी’ काढून देऊ लागला तर घेऊ नका.

आगीसाठी जे काही अंशी उपयोगी ठरलं आहे ते म्हणजे क्लोनाझेपामची गोळी न गिळता तोंडात तीन मिनिटं आगीच्या जागी फिरवून थुंकून टाकणं. ते फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीने आणि देखरेखीखाली, कारण त्या औषधाची सवय लागते. पुष्कळ जणींना एवढं नक्की सांगितल्यानेही मोठा आराम पडतो की हा कॅन्सर नाही, आम्ही पाहिलंय, आणि पुन्हा पाहू. हे सांगायला दवाखान्यात कुणीतरी वेळ दिला पाहिजे.

आता दातांकडे येते, कारण वाचवायचं आहे ते तिथे. आपल्या भागात समजूत अशी की खराब दात काढून टाकले की सुटका होते, पुढे कवळी बसवू. कवळी टाळूला धरून ठेवते ती लाळेची पातळ साय. कोरड्या तोंडात ती नसते. कवळी सुटी पडते, घासते, फोड येतात, बाई ती फडक्यात बांधून फळीवर ठेवते आणि भात कालवून गिळू लागते. भाकर, भुईमुगाचे दाणे, कच्ची काकडी, मांस तिच्या ताटातून जातात. म्हणून या बाईच्या बाबतीत स्वतःचा एकेक दात कवळीपेक्षा लाख मोलाचा आहे. थोडा हलणारा दातही किटण खोलवर साफ केल्यावर पुष्कळदा घट्ट होतो आणि वर्षानुवर्षं काम देतो. दंतवैद्य बारीक खुणांच्या सळईने हिरडी आणि दाताच्या मधली फट मोजतो. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे सफाई लागते. दात उभ्या दिशेने वर-खाली डुचमळू लागला तरच बहुधा काढावा लागतो. मुळाच्या किडीला फ्लोराइडचा लेप दर तीन महिन्यांनी लावला की ती थांबू शकते. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं स्वस्त द्रव औषधही आहे. त्याने किडका भाग काळा पडतो, पण कीड अडते. ना ड्रिल लागतं, ना वीज. दुर्गम तालुक्यासाठी याहून सोयीचं काय असणार?

घरी करायचं ते थोडकं आहे. नस, राखुंडी आणि कोळसा बंद, कारण उघडं पडलेलं मऊ मूळ त्याने खरवडून निघतं. मऊ ब्रश, आणि पाकिटावर १००० पीपीएमच्या आसपास फ्लोराइड लिहिलेली पेस्ट, दोनदा. रात्रीचं घासून झाल्यावर फक्त थुंकायचं, पाण्याने चूळ भरायची नाही, म्हणजे औषध दातावर राहील. चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या बायका घाबरतील. पण ते पोटात जातं, हे थुंकलं जातं, दोन्हींत फरक आहे. खर्ऱ्याऐवजी चघळायला बिनसाखरेची बडीशेप किंवा काकडी-गाजराचा तुकडा जवळ ठेवा. पेलाभर पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून तीन-चार चुळा भरल्या की आम्ल मरतं आणि आगही कमी होते. कोरड घालवायला गुळाचा चहा पुन्हा पुन्हा पिणं, तोंडात गोळी किंवा गुळाचा खडा धरणं हे सर्वांत वाईट. त्याने मुळं लवकर कुजतात. लिंबू आणि चिंचही याच कारणाने टाळा, जरी त्यांनी लाळ सुटत असली तरी.

आशाताई, तुम्ही तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरताच. त्यात तोंडातला व्रण आणि चट्टा विचारता, पाळी गेल्यावर रक्त जातं का हेही विचारता. त्याच बसण्यात चार प्रश्न आणखी विचारा: मुरमुरे कोरडे खाता येतात का, जीभ जळते का, डोळ्यांत रेती खुपते का, दात हलतो का. दोन ‘हो’ आले की उपकेंद्रात आणा. बचत गटाच्या ताईंनो, मासिक बैठकीत एकदा पाळी जाण्याबद्दल बोला, आणि मध्येच कुणी लाजून हसली तरी थांबू नका. मुलांनो आणि जावयांनो, आईला बाजारातल्या उपटणाऱ्याकडे नेण्याचे पैसे आणि वेळ दंतवैद्याकडे नेण्यात घाला. अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयाचा किंवा गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयाचा फेरा लांबचा आहे, गाडीभाडं लागतं, मजुरी बुडते, हे सगळं खरं. म्हणूनच दंतवैद्याने तालुक्याला यावं अशी मागणी करायची आहे, आणि ती ग्रामसभेतून गेली तर कागदावर राहते.

ठराव लिहायला शब्द हवे असतील तर हे घ्या: मुलचेरा तालुक्यात महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी दंतवैद्य यावा आणि तो दिवस प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेला असावा. किटण साफ करण्याची आणि मुळाच्या किडीवर फ्लोराइड लावण्याची सोय त्या दिवशी असावी. कोरड्या डोळ्यांचे साधे थेंब तालुक्याच्या दवाखान्यात कायम मिळावेत. तोंडाच्या, दातांच्या किंवा डोळ्यांच्या तक्रारीने आलेल्या चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईच्या केसपेपरवर पाळी कधी गेली आणि ती खर्रा, नस किंवा जर्दा घेते का, हे लिहिलं जावं. आणि तिचा कोणताही दात काढण्याआधी तो का वाचवता येत नाही याचं कारण त्याच कागदावर लिहून तिला वाचून दाखवलं जावं, तिच्या भाषेत.